मावशी, डॉक्टर आणि मध्ये बसलेली भाची: घरच्या माणसासाठी दुभाषी होताना

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला इंग्रजी येत नाही, समोरच्या डॉक्टरांना मराठी येत नाही आणि सोबत गेलेल्या आपल्याला दोन्ही येतं. मग दुभाष्याचं काम आपोआप आपल्याकडे येतं. दोन्ही भाषा येतात म्हणजे हे जमणारच, असं सगळे धरून चालतात. पण नीट पाहिलं तर अशा भेटींमध्ये बिघाड होतो तो बहुतेक वेळा शब्द न आठवल्यामुळे होत नाही. आपण त्या माणसाचे कुणीतरी असतो, आपल्याला त्याची काळजी असते, त्याच्याबद्दल बरंच काही माहीत असतं, आणि ते सगळं नकळत भाषांतरात मिसळतं.

ग्लेन फ्लोरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेत केलेला एक अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. त्यांनी स्पॅनिश बोलणारी कुटुंबं आणि इंग्रजी बोलणारे डॉक्टर यांच्या १३ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं. एका भेटीत सरासरी ३१ चुका निघाल्या. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या जास्त चुका एकाच प्रकारच्या होत्या: बोललेलं गाळणं. चुकीचा शब्द वापरणं, स्वतःचं मत घालणं, न बोललेलं जोडणं हे प्रकार त्याच्या बरेच मागे होते. भाषा वेगळी असली तरी हे चित्र आपल्याकडच्या कुणालाही ओळखीचं वाटेल. आई पाच वाक्यं बोलते, आपण डॉक्टरांना एक सांगतो. आपल्या मते त्या एका वाक्यात सगळं आलेलं असतं.

ते खरंच येतं का, हे एका उदाहरणातून बघू. समजा, ६८ वर्षांची मावशी आहे. बरीच वर्षं बीपीची गोळी घेते. गेले तीन आठवडे तिला चक्कर येते म्हणून भाची तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली आहे. डॉक्टर विचारतात, चक्कर कधी येते? मावशी सांगते:

"सकाळी. बिछान्यातून एकदम उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. घर फिरल्यासारखं नाही वाटत, पण आता पडते की काय असं होतं. परवा तर भिंत धरूनच उभी राहिले. मधे दोन दिवस मी गोळीच घेतली नव्हती, तेव्हा बरी होते बघ. जाऊ दे, वयच झालं आता, चालायचंच."

घाईत असलेली भाची इंग्रजीत सांगेल: हिला सकाळी चक्कर येते. यात खोटं काहीच नाही. पण डॉक्टरांच्या हातून काय काय निसटलं ते पाहा.

चक्कर उठण्याशी जोडलेली आहे, हे गेलं. घर फिरल्यासारखं वाटत नाही, हेही गेलं. सगळं गरगर फिरतं असं रुग्ण म्हणाला तर डॉक्टरांचं लक्ष आधी कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाकडे जातं. उठल्यावर अंधारी येते असं म्हणाला तर उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो का, ही शंका पुढे येते. मावशीने ही दोन्ही उत्तरं स्वतःहून, न विचारता दिली होती. गोळी बंद असताना बरं होतं, ही तर सगळ्यांत कामाची माहिती, आणि नेमकी तीच गाळावीशी वाटते, कारण "गोळी का चुकवली" म्हणून मावशीला बोलणी बसतील अशी भीती भाचीला वाटते. शेवटचं "वय झालं, चालायचंच" हे तर बोलण्याचा भाग म्हणून मोजलंच जात नाही. पण हा त्रास आपण निमूट सोसायचा आहे असं रुग्णाला वाटतंय, हे डॉक्टरांना त्यातूनच कळणार असतं.

सगळं पोचलं तर पुढची पायरी सरळ आहे. डॉक्टर मावशीला पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी मोजतील, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजतील. समजा, झोपलेली असताना १३८/८२ आलं आणि उभं राहिल्यावर ११२/७४. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा अधिक, अथवा खालचा १० किंवा अधिक उतरला, तर उभं राहिल्यावर बीपी पडतं असं मानतात. इथे वरचा २६ ने उतरला आहे. म्हणजे पाच वाक्यांतून एकच वाक्य पुढे गेलं असतं तर ही तपासणी कदाचित झालीच नसती, आणि मावशी चक्कर थांबवणारी आणखी एक गोळी घेऊन घरी आली असती.

म्हणून इमानदारीचा पहिला अर्थ अगदी साधा आहे: काय महत्त्वाचं आणि काय फालतू, हे दुभाष्याने ठरवायचं नाही. ते ठरवायला लागणारं ज्ञान आपल्याकडे नसतं.

कोण बोलतंय ते कळलं पाहिजे

व्यावसायिक दुभाषी बोलणाऱ्याचं वाक्य त्याच्याच तोंडून आल्यासारखं, "मी" म्हणून सांगतात. मावशी म्हणाली "मला अंधारी येते", तर इंग्रजीतही "मला अंधारी येते" असंच. "ती म्हणते की तिला अंधारी येते" असं नाही. पहिल्यांदा हे विचित्र वाटतं, विशेषतः मावशीचं "मी" आपल्या तोंडी घेताना. पण त्याचा फायदा लगेच दिसतो. "ती म्हणते" ने सुरुवात केली की आपण वार्ताहर होतो, आणि वार्ताहर बातमी थोडक्यात देतो. "मी" ने सुरुवात केली की गाळणं अवघड जातं, कारण आपण तिचंच वाक्य बोलत असतो. शिवाय डॉक्टरही मावशीकडे बघून "तुम्हाला कधीपासून होतंय" असं विचारू लागतात. नाहीतर ते भाचीकडे बघून "यांना विचारा" म्हणत राहतात आणि मावशी स्वतःच्याच तपासणीत बाजूला पडते.

उलट्या दिशेने, म्हणजे डॉक्टरांचं बोलणं मराठीत आणताना, आपली भाषा फार मोठी मदत करते. इंग्रजीत सगळ्यांना एकच "यू". मराठीत भाची मावशीला एरवी "तू" म्हणते, पण डॉक्टर तिला "तुम्ही"च म्हणतील. मग डॉक्टरांच्या वतीने बोलताना भाचीनेही "तुम्ही" म्हणायचं: "तुम्ही जरा आडव्या व्हा, मी बीपी मोजतो." डॉक्टर पुरुष असतील तर "मोजतो", बाई असतील तर "मोजते". भाचीच्या तोंडी "मोजतो" आलं की मावशीला काही समजावून सांगावं लागत नाही, हे डॉक्टरांचं बोलणं आहे हे तिला कळतं. आणि भाचीला स्वतःचं काही म्हणायचं असेल तेव्हा ती "तू" वर येते: "मावशी, तू पाणी पिणार का?" आवाज एकच, पण माणसं दोन, हे व्याकरणच सांगतं. हा आपल्या भाषेचा मोठा सोयीचा गुण आहे आणि तो मुद्दाम, सांभाळून वापरावा. ज्यांच्या घरी वडिलांना किंवा सासूबाईंना "तुम्ही"च म्हणतात त्यांना ही सोय अर्धीच मिळते. त्यांनी सरळ "बाबा, हे मी विचारतेय" असं म्हणून मग बोलावं.

इंग्रजीच्या बाजूला अशी खूण आपसूक मिळत नाही, म्हणून तिथे ती बोलून दाखवावी लागते. भाचीला डॉक्टरांना स्वतःचं काही सांगायचं असेल तर आधी "आता मी भाची म्हणून बोलते" असं इंग्रजीत म्हणायचं, मग आपलं म्हणणं मांडायचं, आणि नंतर डॉक्टरांशी काय बोलले ते मावशीला मराठीत सांगायचं.

तटस्थपणाचा घरच्या माणसासाठीचा अर्थ माझ्या मते हाच आहे. भाचीला मत नसावं, काळजी नसावी, असं कुणी मागू शकत नाही, मागूही नये. पण तिचं मत आणि मावशीचं म्हणणं एकाच वाक्यात कालवलं जाऊ नये. आणि खोलीत एका भाषेत जे बोललं गेलं ते दुसऱ्या भाषेतही पोचलं पाहिजे, मग ते कुणीही बोललेलं असो.

"हो" म्हणजे यस नव्हे

मराठी आणि इंग्रजीच्या जोडीत काही जागा हमखास फसवतात. सगळ्या सांगत बसत नाही. पण दोन-तीन अशा आहेत की त्यांनी तपासणीची दिशाच बदलू शकते.

पहिली जागा नकारार्थी प्रश्नाची. डॉक्टर विचारतात, तुम्ही पडला वगैरे नाहीत ना? मावशी म्हणते, "हो." म्हणजे, हो, बरोबर, पडले नाही. भाचीने तेवढंच उचलून इंग्रजीत "यस" म्हटलं तर इंग्रजी कानाला त्याचा अर्थ लागेल, हो, पडले. चक्कर येणाऱ्या वयस्क बाईच्या बाबतीत पडणं आणि न पडणं यात मोठा फरक आहे: डोक्याला मार लागला का, हाड तपासायला हवं का, हे सगळे प्रश्न त्यावरून निघतात. यावर उपाय एकच. अशा प्रश्नाचं उत्तर कधीही एका शब्दात न्यायचं नाही, पूर्ण वाक्य करायचं: "मी पडलेले नाही." आणि मावशीच्या "हो"चा अर्थ आपल्यालाच नक्की लागला नसेल तर अंदाज करायचा नाही. डॉक्टरांना सांगायचं की उत्तर स्पष्ट करून घेते, आणि मावशीला विचारायचं, "पडलीस की नाही पडलीस?"

त्याच्याच जोडीला दुसरं "हो" आहे. डॉक्टर बोलत असताना मावशी "हं, हो, हो" म्हणत मान हलवते. ते फक्त ऐकतेय याची खूण असते. त्याला संमती समजून "तिला मान्य आहे" असं डॉक्टरांना सांगणं ही भाचीने घातलेली भर झाली. तसंच "बघू" चं. पुष्कळदा तो सभ्य नकार असतो, पण तो नकार आहे असा निकाल भाचीने द्यायचा नाही. "बघू" ला इंग्रजीत जितकं धूसर उत्तर होईल तितकंच द्यावं. डॉक्टर अनुभवी असतील तर तेच पुढे विचारतील, की तुम्हाला कसली शंका वाटते आहे?

तिसरी जागा काळाची आणि आकड्यांची. मावशी म्हणाली "परवा भिंत धरून उभी राहिले". इथे क्रियापद भूतकाळी असल्यामुळे मागचा की पुढचा हा घोळ नाही. पण बोलताना "परवा" दोन दिवसांपूर्वीचा असू शकतो, नाहीतर असाच पाच-सहा दिवसांपूर्वीचाही. डॉक्टरांना दिवस हवा असतो, म्हणून विचारून घ्यावं: "परवा म्हणजे कुठल्या वारी?" आकडे मात्र कागदावर लिहावेत, कितीही आत्मविश्वास असला तरी. मराठीत "अडतीस" म्हणताना आठ आधी येतो आणि तीस नंतर, इंग्रजीत उलट. एकोणचाळीस, एकोणपन्नास यांत तर एक कमी करून पुढचं दशक ऐकू येतं. थकलेल्या डोक्यात ३८ चे ८३ व्हायला वेळ लागत नाही. अडीच, पाऊण, सव्वा, दीड हेही लिहूनच न्यावेत. गोळी "दीड" घ्यायची की "अर्धी", ही चूक तोंडी तपासली जात नाही, कागदावर चटकन दिसते.

वाक्यरचनेचंही एक सांगायला हवं. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात. "दोन दिवस मी सकाळची गोळी जेवण झाल्यावर घेतली" इथपर्यंत ऐकून भाची इंग्रजी सुरू करते आणि मावशी "नव्हती" म्हणून वाक्य संपवते. त्यामुळे मराठीतून इंग्रजीत जाताना पूर्ण वाक्य संपेपर्यंत थांबणं ही सक्तीच आहे. बोलता बोलता समांतर भाषांतर करण्याचा मोह आवरावा. दोन-तीन वाक्यं झाली की हात जरासा वर करायचा, आपलं सांगायचं, मग पुढे. मावशी एकदम मिनिटभर बोलली तर शेवट लक्षात राहतो, मधलं जातं. म्हणून वहीत शब्द लिहीत बसू नये. आकडे, औषधांची नावं, वार आणि "नाही" एवढंच टिपावं. बाकीचं अर्थाच्या धाग्याने आठवतं.

दुखण्याच्या शब्दांना हात लावताना मी सगळ्यांत जास्त सावध राहीन. "कसंतरी होतं", "जीव घाबरा होतो", "मुंग्या येतात", "चमक निघते", "ठणकतं" हे वेगवेगळे अनुभव आहेत. "जीव घाबरा होतो" याचं भाचीने परस्पर "काळजी वाटते" केलं तर डॉक्टर ते मनाचं दुखणं समजतील. मावशीला कदाचित छातीत धडधडून श्वास अपुरा पडतो असं म्हणायचं असेल. नेमका शब्द नसेल तर तिने जे वर्णन केलं तेच साध्या इंग्रजीत ठेवावं आणि ते रोजच्या बोलण्यातलं आहे, रोगाचं नाव नाही, हे सांगावं. "म्हणजे नक्की काय होतं" हे विचारणं डॉक्टरांचं काम आहे, ते त्यांना करू द्यावं. दुसऱ्या बाजूने, डॉक्टरांचे शब्द उगाच अवघड मराठीत नेऊ नयेत. मावशी स्वतः बीपी, शुगर, ईसीजी म्हणते, तर तेच म्हणावं. आणि एखादी संज्ञा आपल्यालाच कळली नाही तर तसं सांगावं: "डॉक्टर, हा शब्द मला माहीत नाही, सोप्या भाषेत सांगाल का?" मग मावशीलाही, "मी त्यांना या शब्दाचा अर्थ विचारला." अंदाजाने मारलेला तीर खोलीतल्या कुणालाही पकडता येत नाही, कारण तो पकडू शकणारा एकमेव माणूस आपणच असतो.

मावशी सांगत नाही, पण भाचीला माहीत आहे

आता सगळ्यांत कठीण जागा. डॉक्टर विचारतात, बीपीच्या गोळीशिवाय आणखी काही घेता का? मावशी म्हणते, "नाही, बाकी काही नाही." भाचीला मात्र माहीत आहे की मावशीच्या पर्समध्ये झोपेच्या गोळ्यांची पट्टी आहे. कुणा ओळखीच्यांनी दिलेली, डॉक्टरांनी लिहून न दिलेली. झोपेच्या गोळ्यांनी वयस्क माणसाचा तोल जाऊ शकतो, सकाळीही गुंगी राहू शकते. म्हणजे ही माहिती या तपासणीत लागतेच.

दोन वाटा चटकन सुचतात आणि दोन्ही वाईट आहेत. एक म्हणजे मावशीचं उत्तर म्हणून "हो, झोपेची गोळी घेते" असं इंग्रजीत सांगून टाकणं. डॉक्टरांना वाटेल हे मावशीने सांगितलं. ते पुढे तिला झोपेबद्दल विचारतील आणि मावशीला कळेल की आपण नाही म्हटलेलं भाचीने हो केलं. त्यानंतर भाचीच्या कुठल्याच भाषांतरावर ती विश्वास ठेवणार नाही. दुसरी वाट म्हणजे "नाही" एवढं सांगून गप्प बसणं, आणि बाहेर आल्यावर मावशीला रागावणं. त्याने डॉक्टरांचा निर्णय अपुऱ्या माहितीवर होतो.

तिसरी वाट जरा लांबची आहे, पण तिच्यात कुणाची फसवणूक नाही. आधी मावशीचं उत्तर जसंच्या तसं: "नाही, दुसरं काही घेत नाही." मग डॉक्टरांना इंग्रजीत: "मला मावशीला भाची म्हणून एक गोष्ट विचारायची आहे, मिनिटभर द्या." विषय काय ते इथे सांगायचं नाही. मग मावशीला, "तू" वर येऊन: "मावशी, मी डॉक्टरांना सांगितलंय की तुला काही विचारतेय. ती रात्रीची गोळी त्यांना सांगू या का? चक्कर त्यानेही येत असेल." बहुतेक मावश्या इथे मान डोलावतात. लपवायचा हेतू नसतोच. झोपेची गोळी "औषधात" धरायची असते हे लक्षात आलेलं नसतं, किंवा ओशाळं वाटत असतं. मग तिने स्वतः सांगावं आणि भाचीने ते "मी" म्हणून पोचवावं.

ती ठामपणे नको म्हणाली तर? शहाण्या, भानावर असलेल्या माणसाला स्वतःबद्दल काय सांगायचं हे ठरवण्याचा हक्क आहे, आणि साध्या गोष्टींत भाचीने तो मानावा असं मला वाटतं. पण जिवाला धोका दिसत असेल तर भाचीने तो हक्क बाजूला ठेवावा, मात्र तेही उघडपणे: "मावशी, हे मी लपवू शकत नाही. मी माझ्या तोंडाने सांगणार आहे." आणि डॉक्टरांना: "हे मावशी म्हणत नाहीत, हे मी सांगते आहे." मावशी रागावेल, पण तिच्या शब्दांत कुणी ढवळाढवळ केली असं तिला कधी वाटणार नाही.

हा प्रसंग निम्मा तरी घरीच सोडवता येतो. निघण्याआधी घरातल्या सगळ्या गोळ्या, लिहून दिलेल्या आणि न दिलेल्या, एका पिशवीत घालून सोबत न्याव्यात. आणि मावशीला स्पष्ट सांगून ठेवावं: "तिथे तू जे बोलशील ते सगळं मी सांगणार. डॉक्टरांना जे कळायला नको ते तिथे मलाही सांगू नकोस." हा व्यावसायिक दुभाष्यांचा नियम आहे आणि घरच्यांसाठी तो दुप्पट उपयोगी आहे. कारण मावशी डॉक्टरांसमोर मराठीत "हा काही नीट ऐकूनच घेत नाही" असं पुटपुटली, तर काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं. तेही सांगायचं. डॉक्टर कदाचित त्यामुळेच संगणकावरून नजर काढतील.

डॉक्टरांशीही सुरुवातीला अर्ध्या मिनिटाचं बोलणं हवं: मी यांची भाची आहे, प्रशिक्षित दुभाषी नाही, दोघांचंही सगळं सांगेन, थोडं थोडं बोला आणि त्यांच्याकडे बघून बोला. बसताना मावशीच्या शेजारी, जरा मागे बसावं. भाची डॉक्टर आणि मावशीच्या मधोमध बसली की दोघंही तिच्याशीच बोलू लागतात.

गाडी रुळावरून घसरतेय हे ओळखायच्या खुणा खोलीतच दिसतात. मावशी मिनिटभर बोलली आणि इंग्रजी चार शब्दांचं झालं. किंवा उलट, डॉक्टरांचं एक वाक्य मराठीत लांबलचक समजावणी होऊन आलं. भाची आणि मावशी यांचं चार-पाच वेळा आपसात बोलणं झालं आणि डॉक्टर नुसते बघत राहिले. मावशीऐवजी भाचीच उत्तरं देऊ लागली, कारण तिला ती पाठ आहेत. यातलं काही जाणवलं तर तिथेच थांबून दुरुस्त करावं. "मघाशी मी एक गोष्ट गाळली, ती सांगते" हे वाक्य दोन्ही भाषांत बोलायला लाज वाटू नये.

जिथे भाचीने उठून जावं

काही भेटींना घरचा दुभाषी असूच नये. मोठ्या शस्त्रक्रियेची संमती, गंभीर आजाराचं निदान, मनाच्या आजाराची चौकशी, आणि घरात कुणी मारहाण किंवा जाच करतं का हा प्रश्न. शेवटच्या बाबतीत तर ज्याच्यावर संशय घ्यायचा तोच किंवा त्याच्या जवळचा माणूस मध्ये बसलेला असू शकतो. लहान मुलांना या कामाला बसवणं तर पूर्ण चुकीचं आहे. आजीच्या गाठीची बातमी नातवाच्या तोंडून जाऊ नये. अमेरिकेत आरोग्यसेवेतल्या भेदभावविरोधी नियमांनी (कलम १५५७) आणीबाणी सोडता अल्पवयीन मुलांकडून दुभाष्याचं काम करून घ्यायला मनाई केली आहे. पुष्कळ रुग्णालयांत फोनवरून दुभाषी मिळतो, त्यांत मराठीचाही असू शकतो. फक्त भेटीची वेळ ठरवतानाच तो मागावा लागतो.

वाईट बातमी अचानक समोर आली तर भाचीने सौम्य करून सांगू नये. "आईला कळू देऊ नका" असं घरच्यांना वाटत असेल तर ते डॉक्टरांना आधी, वेगळं भेटून, स्वतःच्या नावाने सांगावं आणि डॉक्टर काय म्हणतात ते ऐकावं. भर खोलीत डॉक्टरांचं "कर्करोग" मराठीत "सूज" करणं म्हणजे मावशीने पुढच्या प्रत्येक होकारावर आंधळेपणाने सही करणं. ते वाक्य आपल्या तोंडून निघणारच नाही असं वाटलं तर तसं म्हणावं: "हे मला सांगता येणार नाही, कृपया दुसरा दुभाषी बोलवा." हे म्हणण्यात तिच्यावरचं प्रेम कमी होत नाही.

आपल्या मावशीची भेट तितकी अवघड नव्हती. डॉक्टरांनी गोळी १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणली, स्वतःहून बंद करू नका म्हणाले, झोपेची गोळी थांबवण्याबद्दल वेगळं बोलले, उठताना आधी बिछान्याच्या कडेला दोन मिनिटं बसा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा या म्हणून सांगितलं. आता शेवटचं काम. भाचीने "कळलं ना?" विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. चांगले डॉक्टर स्वतःच विचारतात, की घरी गेल्यावर तुम्ही काय करणार ते मला सांगा. त्यांनी नाही विचारलं तर भाचीने त्यांना तसं सुचवावं. मावशी आपल्या शब्दांत सांगते, भाची ते जसंच्या तसं इंग्रजीत आणते, चुकलेलंसुद्धा, मध्ये सुधारून न घेता. मावशी म्हणाली "चक्कर आली की त्या दिवशी गोळी नाही घ्यायची", तर तेच डॉक्टरांपर्यंत गेलं पाहिजे, म्हणजे ते दुरुस्त करतील.

नंतर त्या सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत, तिथेच लिहून घ्याव्यात: कुठली गोळी, किती, कधी, काय झालं तर लगेच यायचं. घरी पोचल्यावर एखादी गोष्ट उलटी सांगितल्याचं लक्षात आलं तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन करावा. आणि रात्री बाकीच्या नातेवाइकांचे "काय म्हणाले डॉक्टर?" असे फोन सुरू झाले की फोन मावशीच्या हातात द्यावा. खोलीत ऐकलेलं सगळं तिचं आहे. किती आणि कुणाला सांगायचं ते ती ठरवेल.